डोळे मिटल्यावर धडधड वाढत असेल, तर डोळे उघडेच राहू द्या

पत्र : ताई, नमस्कार. आम्ही खानापूरचे. मुलगा १० वर्षांचा, पाचवीत. चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, यंदा जूनपासून बेळगावच्या इंग्रजी शाळेत घातलाय. मंगळवारी आणि शुक्रवारी कन्नडचा धडा उभं राहून मोठ्यानं वाचायचा असतो. त्याच्या आदल्या रात्री झोपत नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणतो. शाळेत रोज १५ मिनिटं डोळे मिटून माइंडफुलनेस घेतात. तो म्हणतो, "आई, डोळं मिटलं की जास्तच धडधडाय लागतंय." मी रात्री मोबाइलवर व्हिडिओ लावून करून घ्यायला गेले तर रडला. सासूबाई म्हणतात, ओंकार म्हणायला लाव. हे मुलांना शिकवायचं तरी कसं? आणि त्याचा खरंच उपयोग होतो का?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, तुमच्या मुलानं अगदी नेमकी तक्रार केली आहे, आणि ती खरी आहे. घाबरलेल्या माणसाला डोळे मिटून आत लक्ष द्यायला सांगितलं, की त्याला आत सापडते ती धडधडच. बाहेरचं दिसायचं बंद झालं की छातीतला ठोका मोठा वाटू लागतो. ठोका मोठा वाटला की "मला काहीतरी होतंय" असं वाटतं आणि भीती आणखी वाढते. शांत व्हायला बसवल्यावर अस्वस्थता वाढणं हे मोठ्यांमध्येही होतं आणि संशोधकांनी १९८०च्या दशकापासून त्याची नोंद करून ठेवली आहे. तेव्हा त्याला जमत नाही, तो नीट मन लावत नाही, असं घरात कुणी म्हणू नका. आजपासून डोळे मिटणं बंद. रात्रीचा व्हिडिओही बंद.

शाळेत वर्गशिक्षिकांना भेटून एवढंच सांगा : "मॅडम, त्या १५ मिनिटांत त्याला डोळे उघडे ठेवून बसू द्या. समोरच्या खिडकीकडे बघेल किंवा वहीत काहीतरी काढत बसेल, कुणाला त्रास देणार नाही." बहुतेक शिक्षकांना यात अडचण नसते, फक्त आधी कुणी सांगितलेलं नसतं. ज्या मुलांनी घरात मारहाण, अपघात किंवा जवळच्याचा मृत्यू पाहिलेला असतो, त्यांनाही डोळे मिटून गप्प बसणं जड जातं. त्यामुळे "ज्याला हवं त्यानं डोळे मिटा" हा नियम सगळ्या वर्गासाठीच बरा.

आता पोटाचं. भीतीनं दुखणारं पोट खोटं नसतं, लेकराला खरंच दुखतं. साधारणपणे असं दुखणं बेंबीभोवती असतं, त्याच ठराविक सकाळी येतं आणि रविवारी गायब होतं. तरीही एकदा डॉक्टरांना दाखवा. दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येत असेल, वजन उतरत असेल, उलट्या, ताप किंवा शौचातून रक्त असेल, दुखणं सतत एकाच बाजूला असेल, तर वाट बघू नका. आणि एक साधी गोष्ट विचारा : शाळेतल्या संडासात जातोस का? नवीन शाळेत गेलेली कितीतरी मुलं दिवसभर आवरून धरतात, मग पोट साफ होत नाही, आणि ते दुखणं आपण भीतीच्या खात्यात टाकतो.

डॉक्टरांनी काळजीचं काही नाही म्हटलं, की मग शिकवण्याकडे वळा. शिकवायची वेळ निवडण्यातच बहुतेक घरांत चूक होते. रात्री लेकरू रडायला लागलं की आपण म्हणतो, "चल, श्वास घे." ज्याला पोहता येत नाही त्याला मलप्रभेच्या पुरात पोहायला शिकवण्यासारखं आहे ते. शिकवायचं ते सगळं बरं चाललेलं असताना. शाळेतून आला, हातपाय धुतले, खाऊन झालं, थोडं खेळून झालं, की मग ५ मिनिटं. शनिवारपासून सुरू करा म्हणजे मंगळवार जवळ नसेल. तुम्ही त्याच्यासमोर बसून सूचना देऊ नका, शेजारी बसून त्याच्याबरोबर करा. मुलं ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात.

१० वर्षांच्या मुलाला "मन शांत कर" म्हणजे काय ते कळत नाही, पण "मूठ आवळ, आता सोड" हे कळतं. म्हणून सुरुवात स्नायूंपासून. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ही पद्धत मोठ्यांसाठी बसवली : एकेक स्नायू मुद्दाम ताणायचा, मग सोडायचा, म्हणजे ताण आणि सैलपणा यांतला फरक शरीराला कळतो. मुलांसाठी पुढे ती खेळाच्या रूपात आली.

तुमच्या घरी ती अशी करता येईल. खुर्चीवर किंवा पाटावर बसायचं, डोळे उघडे. उजव्या हातात लिंबू आहे असं समजायचं आणि ते पिळायचं. ५ आकडे मोजेपर्यंत पिळायचं, मग एकदम सोडून द्यायचं आणि हात मांडीवर पडू द्यायचा. सोडलेल्या हाताकडे १० आकडे नुसतं बघत राहायचं. "आता कसा वाटतोय? जड? गरम? मुंग्या?" एवढंच विचारायचं. जे सांगेल ते बरोबर. मग डावा हात. मग दोन्ही खांदे कानापर्यंत वर, कासवानं मान आत घेतल्यासारखे, ५ आकडे, आणि खाली. शेवटी पाय : भाताच्या लावणीला चिखलात उभं राहिल्यावर बोटं कशी रुततात, तशी जमिनीत रोवायची आणि सोडायची. खानापूरच्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. प्रत्येक भाग दोनदा. सगळं मिळून ४-५ मिनिटं होतात. याहून जास्त नको.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे मुलं सगळी ताकद लावतात, दात आवळतात, श्वास रोखून धरतात आणि चेहरा लाल करतात. अर्ध्याच ताकदीनं करायला सांगा आणि आकडे मोठ्यानं मोजायला लावा. मोजताना श्वास रोखता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आपण परीक्षा घेतो : "आता बरं वाटलं ना? गेली ना भीती?" लेकरू आईला खूश करायला हो म्हणतं आणि पुढच्या वेळी टाळायला लागतं. त्यापेक्षा आधी आणि नंतर बोटं दाखवायला सांगा. एकही बोट नाही म्हणजे अंग अगदी सैल, १० बोटं म्हणजे सगळ्यात जास्त ताण. ६ बोटांची ४ झाली तर उत्तम. ६ ची ६ राहिली तरी बिघडलं नाही. ६ ची ८ झाली आणि दोन-तीन दिवस तसंच होत राहिलं, तर तो प्रकार त्याच्यासाठी नाही, सोडून द्या. बोटांइतकंच त्याच्या अंगाकडेही बघा : खांदे खाली आले का, आवाज सैल झाला का, जांभई आली का.

चार-पाच दिवसांनी, स्नायूंचं अंगवळणी पडलं की श्वासाकडे वळा. "दीर्घ श्वास घे" हे शब्द मात्र वापरू नका. ते ऐकलं की मुलं छाती फुगवून मोठेमोठे श्वास घेतात, भराभर घेतात, आणि अर्ध्या मिनिटात चक्कर, ओठांना आणि बोटांना मुंग्या. रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर गेल्यानं तसं होतं. भित्र्या लेकराला मुंग्या आल्या की त्याची खात्रीच पटते की आपल्याला काहीतरी झालंय. आपल्याला हवा आहे तो सावकाश श्वास, मोठा नव्हे. आणि त्यातही सोडणं लांब, कारण श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते.

म्हणून त्याला गरम पेजेची वाटी द्या, खरीच द्या. फुंकर घालायची, पण पेज हलली पाहिजे, सांडता कामा नये. फुंकर आपोआप हळू आणि लांब होते. आत घेण्याचं काही सांगूच नका, ते शरीर करून घेतं. पुढे वाटी नसताना तशीच फुंकर. नाकानं २ आकडे आत, तोंडानं ३ आकडे बाहेर, आणि सवय झाली की ३ आत, ४ बाहेर. मोठ्यांसाठीच्या व्हिडिओत ४ आत, ७ रोखून, ८ बाहेर असलं काही सांगतात, ते या वयाला लांब पडतं. १० वर्षांचं मूल नुसतं बसलेलं असतानाही मोठ्या माणसापेक्षा जास्त वेळा श्वास घेतं, त्याला आपलं माप लावलं की ते घुसमटतं. श्वास रोखणं, भस्त्रिका, कपालभाती यांतलं काही या कामासाठी नको. ४-५ फुंकरी झाल्या की थांबा. दमा असेल आणि फुंकरीनं खोकला लागत असेल, तर श्वासाचा नाद सोडा आणि स्नायूंवरच राहा.

श्वासाकडे लक्ष गेलं की धडधड जाणवतेच अशी काही मुलं असतात, आणि तुमचा मुलगा तसा असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच्यासाठी लक्ष बाहेर नेणारा प्रकार ठेवा. दारात उभं राहायचं आणि ५ आवाज शोधायचे : कौलांवरचा पाऊस, शेजारचा मिक्सर, लांबून येणारी रेल्वे, कुणाची तरी चप्पल, कावळा. आवाज चांगला की वाईट हे ठरवायचं नाही, नुसतं नाव घ्यायचं. माइंडफुलनेसचा गाभा एवढाच आहे : आत्ता जे आहे त्याच्याकडे, त्याला नावं न ठेवता, लक्ष देणं. त्याला डोळे मिटावे लागत नाहीत, मांडी घालावी लागत नाही, आणि मन मध्येच भटकलं तर ती चूक नसते. भटकलेलं कळलं की परत आवाजाकडे यायचं. मुलाला हे एकदा स्पष्ट सांगा, कारण बहुतेक मुलांना वाटतं की विचार आला म्हणजे आपण नापास झालो.

सासूबाईंच्या ओंकाराबद्दल. आजीबरोबर संध्याकाळी शुभंकरोती म्हणताना त्याला ओंकार म्हणायला आवडत असेल तर जरूर म्हणू द्या. ओंकार म्हणताना श्वास लांब सोडला जातो, आजी शेजारी असते, रोजची वेळ ठरलेली असते, या तिन्ही गोष्टी त्याच्या फायद्याच्या आहेत. फक्त त्याला औषध म्हणून ठरवून देऊ नका. "ओंकार म्हटलास ना, मग अजून पोटात कसं दुखतंय?" हे वाक्य त्या आवडीचा जीव घेईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं, कारण सगळ्या व्यायामांचा जोर कुठे संपतो ते त्यात आहे.

थोड्या वेळासाठी अंग सैल करायला हे उपयोगी पडतं, याला बऱ्यापैकी आधार आहे. २०२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ७ वर्षांच्या आसपासच्या मुलांना एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवला, त्यात ४ सावकाश श्वास घ्यायला शिकवले होते. मुलं प्रयोगशाळेत नव्हती, नेहमीच्या वावरातल्या जागी होती. तेवढ्या श्वासांनी त्यांच्या हृदयाच्या मोजमापांत शांत होण्याची चिन्हं दिसली. पण हे त्या मिनिटापुरतं. महिन्यानंतर त्या मुलांना वर्गात उभं राहून वाचायची भीती कमी वाटते का, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.

शाळेत सगळ्या वर्गाला माइंडफुलनेस शिकवल्यानं मुलांची मनं निरोगी राहतात, या दाव्याची मोठी तपासणी ब्रिटनमध्ये झाली. ८५ शाळा, ११ ते १३ वर्षांची ८,०००हून अधिक मुलं. अर्ध्या शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण देऊन १० तासिकांचा माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम शिकवला, बाकीच्या शाळांत नेहमीचं चालू ठेवलं. निकाल २०२२ मध्ये आले. वर्षभरानंतर दोन्हींकडच्या मुलांत नैराश्य किंवा एकंदर मानसिक आरोग्याच्या बाबतीत फरक नव्हता. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता, कित्येकांना ते कंटाळवाणं वाटलं होतं. आणि ज्या मुलांना आधीपासून त्रास होता त्यांना फायदा झाल्याचं दिसलं नाही, उलट काही मोजमापं किंचित बिघडलेली दिसली. मी हे आवर्जून लिहिते, कारण तुमचा मुलगा त्याच गटात बसतो : त्याला आधीच त्रास आहे, आणि त्याला सगळ्यांबरोबर बसवलं आहे.

लहान लहान प्रयोग एकत्र करून पाहिले, तर चिंता आणि ताणावर थोडा फायदा दिसतो. पण तुलनेतल्या मुलांनाही तेवढाच वेळ दुसरं काही चांगलं करायला दिलं, तर तो फायदा आणखी आकसतो. याचं कारण समजायला सोपं आहे. माइंडफुलनेसच्या वर्गात मुलाला कुणीतरी रोज १० मिनिटं प्रेमानं वेळ देतं, आवाज चढवत नाही, गृहपाठ विचारत नाही. त्यातला किती गुण व्यायामाचा आणि किती त्या १० मिनिटांचा, हे वेगळं काढणं अवघड असतं. शिवाय निकाल बहुतेक वेळा मुलांनीच भरलेल्या प्रश्नावलीवरून काढतात, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे मुलांना ठाऊक असतं. वरचे प्रयोग ब्रिटन-अमेरिकेतल्या शाळांतले आहेत. घरात मराठी, बसमध्ये कन्नड आणि वर्गात इंग्रजी असं तीन भाषांत जगणाऱ्या बेळगावच्या मुलाला ते जसेच्या तसे लागू पडतील, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

भीतीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट बरीच स्पष्ट आहे. चिंतेचा त्रास असलेल्या मुलांच्या उपचारांत अंग सैल करायला शिकवतात, विचार तपासायला शिकवतात आणि ज्याची भीती वाटते त्याला पायरी पायरीनं सामोरं जायला शिकवतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या उपचार-प्रयोगातून हे पाहिलं गेलं, की कुठला भाग सुरू झाल्यावर मुलं लवकर सुधारायला लागतात. विचार तपासणं आणि सामोरं जाणं सुरू झालं तेव्हा सुधारणेचा वेग वाढला, अंग सैल करायला शिकवल्यावर वेगात तसा फरक पडला नाही.

म्हणजे तुमच्या घरी मुख्य काम आहे कन्नडचा धडा, आणि फुंकर त्याच्या हाताखालची मदतनीस.

आधी हे तपासा की भीती कशाची आहे. त्याला मराठीचं पुस्तक वाचायला द्या. मराठी सरळ वाचत असेल तर अडचण कन्नडची आहे. मराठीतही अक्षरं गाळत, अडखळत असेल तर डोळे तपासून घ्या आणि वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्या, तिथे कुठलाही श्वास कामाचा नाही. कन्नडचीच अडचण असेल तर ती कुठे आहे तेही बघा. मराठी मुलांना कन्नडमध्ये दोन ठिकाणी हमखास ठेच लागते : जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकवून लिहितात ती ओत्तक्षरं, आणि ऱ्हस्व-दीर्घ ए, ओ, जे आपल्या लिपीत वेगळे लिहीत नाहीत. ज्याला खरंच वाचता येत नाही त्याला शांत करून वर्गात उभं केलं, तर तो शांतपणे अडखळेल, आणि पुढच्या वेळी आणखी घाबरेल. रोज १५ मिनिटं कन्नड बोलणाऱ्या शेजारच्या अक्कांकडे किंवा वरच्या वर्गातल्या मुलाकडे बसवा, त्याच आठवड्याच्या धड्यावर.

आणि हळूच विचारा : वाचताना चुकलास की काय होतं? मुलं हसतात? कुणी टोपणनाव ठेवलंय? सर मारतात? यातलं काही होत असेल तर ते शाळेत जाऊन थांबवायचं काम आपलं, मोठ्यांचं. ज्या भीतीला खरं कारण आहे ती भीती श्वासानं घालवायची नसते.

मग पायऱ्या. त्याच्याबरोबर बसून वहीत लिहा, आणि प्रत्येकीपुढे किती बोटं भीती वाटेल ते त्यालाच लिहू द्या. साधारण अशा होतील : दोन ओळी आजीला वाचून दाखवणं, २ बोटं. मोबाइलवर आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकणं, ३. शेजारच्या अक्कांसमोर अर्धं पान, ४. मधल्या सुट्टीत कन्नडच्या बाईंना एकट्यांना दोन ओळी, ६. वर्गात बाकावर बसून दोन ओळी, आधी सांगून ठेवलेल्या, ७. वर्गात उभं राहून दोन ओळी, ८. उभं राहून पूर्ण परिच्छेद, १०. एकेका पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं, तीच पायरी पुन्हा पुन्हा करायची, मग पुढची. काही पायऱ्या एका दिवसात होतात, काहींना आठवडा लागतो. बाईंना आधी भेटून पाचव्या आणि सहाव्या पायरीची परवानगी मागा. "त्याला वाचायला लावू नका" असं मागू नका. "महिनाभर दोनच ओळी वाचायला द्या, आणि कुठल्या ते आदल्या दिवशी सांगा" असं मागा.

फुंकर कुठे येते? पायरी सुरू करायच्या आधी दोन फुंकरी आणि एकदा लिंबू पिळणं, ते वर्गात बाकाखाली कुणाला न दिसता करता येतं. मग वाचायला सुरुवात, धडधड असली तरी. हे "असली तरी" त्याला घरीच सांगून ठेवा : "धडधड थांबायची वाट बघायची नाही बाळा, ती असू दे, आपण वाचू या." नाहीतर होतं काय, की मूल फुंकर ताईत असल्यासारखी धरतं. धडधड पूर्ण थांबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि ती काही थांबत नाही. तुमच्या लक्षात कसं येईल? तो १०-१० फुंकरी घालायला लागेल, "अजून एकदा, अजून एकदा" म्हणेल, आणि वाचणं पुढे ढकलेल. असं दिसलं की व्यायाम आठवडाभर बाजूला ठेवा आणि नुसत्या पायऱ्या करा.

सोमवारची रात्र आणि मंगळवारची सकाळ कशी जाईल ते सांगते. सोमवारी जेवणाआधी दोन ओळी अक्कांकडे वाचून घ्या आणि दप्तर भरून ठेवा. झोपताना कन्नडचा विषय नको. झोप येत नाही म्हणाला तर "झोप, झोप" करू नका, फक्त पाय रोवायचा आणि सोडायचा खेळ एकदा, मग दिवा बंद. जागा राहिला तर राहू द्या. सकाळी पोट दुखतंय म्हणाला तर म्हणा, "दुखतंय, कळतंय मला. अशा दिवशी तुझं पोट दुखतं. चल, आवर, बस पकडायचीय." डॉक्टरांनी तपासून झालेलं असेल आणि ताप-उलटी नसेल तर घरी ठेवू नका. घरी राहिला की पोट १० वाजता बरं होतं, आणि घरी राहिल्यानं बरं वाटतं हे लेकराचं अंग शिकतं. पुढचा मंगळवार मग आणखी कठीण. हे करताना आईच्या पोटात तुटतं हे मला माहीत आहे. तरी करा.

परत आल्यावर "कसं वाचलंस?" आधी विचारू नका. "किती बोटं होती? वाचून झाल्यावर किती राहिली?" हे विचारा आणि वहीत लिहा. ६ आठवड्यांनी ती वही तुम्हाला कुठल्याही अंदाजापेक्षा खरं सांगेल. बोटं उतरत असतील तर चाललंय तसं चालू द्या. तेवढ्या काळात काहीच हललं नाही, किंवा त्याआधीच शाळा बुडायला लागली, जेवण तुटलं, सगळ्यांशी बोलणं बंद झालं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. त्याच्यासारख्या भीतीवर आणि भीतीच्या पोटदुखीवरही विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या उपचारांना नुसत्या विश्रांतीच्या व्यायामांपेक्षा जास्त आधार आहे. बेळगावात बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि गरज पडली तर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, सुरुवातीलाच मराठीत बोलायचंय म्हणून सांगा. "मला जगायचंच नाही", "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही तो चेष्टेतही बोलला, तर ६ आठवडे मोजायचे नाहीत, त्याच दिवशी फोन करा आणि त्याला एकटं सोडू नका. शाळेत मारहाण होत असेल आणि शाळा ऐकत नसेल तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.